प्रगतिपुस्तकातले जाळे

दहावीच्या सराव परीक्षेचा निकाल हल्ली नुसत्या गुणांच्या तक्त्यावर थांबत नाही. बऱ्याच क्लासेसच्या आणि काही शाळांच्या अहवालात तक्त्याखाली एक आकृतीही छापलेली असते. मध्यबिंदूपासून सगळीकडे गेलेल्या रेषा, त्यांना वेढणारी वर्तुळे किंवा षटकोन, आणि मधोमध निळ्या रंगात भरलेला एक वेडावाकडा आकार. हा रडार चार्ट. दिसण्यावरून कोणी त्याला स्पायडर चार्ट म्हणते. जर्मन संख्याशास्त्रज्ञ गेओर्ग फॉन मायर याने १८७७ मध्ये अशा धर्तीची आकृती छापली होती, म्हणजे कल्पना नवी नाही. नवे आहे ते एवढेच, की आता ती संगणकावर दोन क्लिकमध्ये तयार होते आणि म्हणून कुठेही चिकटवली जाते.

पालक या आकृतीकडे पाहून पटकन दोन निष्कर्ष काढतात. आकार मोठा म्हणजे मूल हुशार, आणि जिथे खड्डा तिथे मूल कच्चे. यातला पहिला निष्कर्ष जवळजवळ नेहमीच फसवा असतो आणि दुसरा बऱ्याचदा. असे का होते, ते एक आकृती हाताने काढून पाहिली की नीट कळते.

उदाहरणासाठी दहावीतल्या एका मुलीचे गुण घेऊ. हे गुण कल्पित आहेत, पण अशी गुणपत्रिका कोणत्याही वर्गात सापडेल. मराठी ९२, हिंदी ८८, इंग्रजी ४६, गणित ४०, विज्ञान ४८, सामाजिक शास्त्रे ८६. सहाशेपैकी चारशे. भाषांपैकी दोन भक्कम, सामाजिक शास्त्रे भक्कम, बाकी तिन्ही ठिकाणी ओढाताण.

कागदावर मध्यबिंदू घ्यायचा. विषय सहा, म्हणून ३६० भागिले ६, म्हणजे दर ६० अंशांवर एक अक्ष. पहिला अक्ष सरळ वर काढायचा आणि पुढचे कोनमापकाने घड्याळाच्या दिशेने. प्रत्येक अक्ष १० सेंटिमीटरचा ठेवला तर १ सेंटिमीटर म्हणजे १० गुण. कर्कटकाने २, ४, ६, ८ आणि १० सेंटिमीटरवर वर्तुळे काढली की वाचायला सोपे जाते. मग मराठीच्या अक्षावर केंद्रापासून ९.२ सेंटिमीटरवर टिंब, हिंदीच्या अक्षावर ८.८ वर, इंग्रजीच्या ४.६ वर, असे सहा टिंब द्यायचे आणि शेजारशेजारचे टिंब रेषेने जोडायचे. घटक चाचणी २० गुणांची आणि सहामाही ८० गुणांची असेल तर आधी सगळ्यांची टक्केवारी काढावी लागते, नाहीतर २० पैकी १८ मिळवणारे मूलही केंद्राजवळ चिकटलेले दिसेल.

एक्सेलमध्ये एका स्तंभात विषय, दुसऱ्यात टक्के लिहून ते निवडायचे आणि `Insert` मधून `Radar with Markers` हा प्रकार घ्यायचा. लिबरऑफिसमध्ये याच आकृतीचे नाव `Net` आहे. यानंतर एक काम बहुतेक जण विसरतात. अक्षावरच्या आकड्यांवर क्लिक करून `Format Axis` उघडायचे आणि `Minimum` मध्ये 0, `Maximum` मध्ये 100 स्वतः टाकायचे. ते सॉफ्टवेअरवर सोडले तर सर्वांत बाहेरचे वर्तुळ कधी १०० चे निघते, तर कधी ८० चे. मग ७५ गुणांचे मूल ९२ गुणांच्या मुलाइतकेच कडेला पोचलेले दिसते. उलट, खालची मर्यादा ३० ठेवली तर आपल्या मुलीचे गणितातले ४० गुण केंद्रापासून सत्तरातले केवळ १० पावले चालतात, आणि चाळीस गुणांचा विषय जवळजवळ शून्यावर आल्यासारखा भासतो.

इथपर्यंतच्या चुका निष्काळजीपणाच्या आहेत आणि टाळता येतात. खरी गोम पुढे आहे, कारण ती आकृती बिनचूक काढली तरी राहते.

आपल्या मुलीची आकृती गुणपत्रिकेच्या क्रमाने काढली आहे: मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे. तिन्ही भक्कम विषय एकमेकांच्या शेजारी आले (सामाजिक शास्त्रे शेवटचे, पण गोल फिरून मराठीला भेटतात) आणि तिन्ही दुबळे विषय समोरच्या बाजूला. आकार एका अंगाला फुगलेला, दुसऱ्या अंगाला चेपलेला. आता तेच गुण, फक्त क्रम बदलून मांडू: मराठी, इंग्रजी, हिंदी, गणित, सामाजिक शास्त्रे, विज्ञान. आता एक टोक बाहेर, एक आत, पुन्हा एक बाहेर. आकृती तीन टोकांच्या चांदणीसारखी होते. गुण एकही बदललेला नाही.

बदलले आहे ते क्षेत्रफळ. शेजारच्या दोन अक्षांमध्ये जो त्रिकोण होतो, त्याचे क्षेत्रफळ त्या दोन विषयांच्या गुणाकारावर ठरते. मराठीशेजारी हिंदी असेल तर ९२ गुणिले ८८; मराठीशेजारी इंग्रजी असेल तर ९२ गुणिले ४६, म्हणजे निम्म्याच्या आसपास. असे सहाही त्रिकोण मिळवले, तर पहिल्या क्रमात आकृती पूर्ण षटकोनाचा सुमारे ४७ टक्के भाग व्यापते, दुसऱ्या क्रमात सुमारे ४० टक्के.

आता शेजारी दुसरा विद्यार्थी ठेवू. त्याचेही एकूण ४००, पण प्रत्येक विषयात ६६ किंवा ६७. त्याची आकृती गोलसर येते आणि क्रम कोणताही घेतला तरी ४४ टक्के भाग व्यापते. म्हणजे पहिल्या क्रमात मुलगी त्याच्यापेक्षा मोठी दिसते आणि दुसऱ्या क्रमात लहान. दोघांचे गुण सारखे असताना कोण वरचढ दिसावे, हे ठरवले अहवालाचा नमुना तयार करणाऱ्या माणसाने, आणि तेही विषयांची नावे टाइप करताना, काही न ठरवता.

मुळात या आकृतीत शेजार कृत्रिम असतो. वाऱ्याच्या दिशांचा आलेख असाच गोल काढतात, पण तिथे ईशान्य ही खरोखरच उत्तर आणि पूर्व यांच्या मध्ये असते. हिंदी आणि इंग्रजी यांच्या मधल्या रेषेवर कोणताच विषय नाही, तरी डोळा ती रेषा वाचतो.

क्षेत्रफळाचा आणखी एक खेळ आहे. सगळ्या विषयांत ४० मिळवणाऱ्या मुलाची आकृती पूर्ण षटकोनाच्या १६ टक्के असते, सगळ्यांत ८० मिळवणाऱ्याची ६४ टक्के. गुण दुप्पट, आकार चौपट. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ मध्ये सैनिकांच्या मृत्यूंची प्रसिद्ध पाकळ्यांची आकृती छापली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण पाकळीच्या क्षेत्रफळातून दाखवले होते. रडार चार्टमध्ये मात्र मोजायची असते केंद्रापासूनची लांबी, आणि डोळ्यात भरते ते रंगवलेले क्षेत्र. म्हणून `Filled Radar` हा रंग भरलेला प्रकार सर्वांत देखणा आणि सर्वांत कमी कामाचा. दोन मुलांच्या आकृत्या एकावर एक ठेवल्या तर मागची झाकली जाते, हा तोटा वेगळाच.

राहिला खड्ड्याचा प्रश्न. मुलीच्या आकृतीत सर्वांत खोल खड्डा गणिताचा आहे, कारण तिथे ४० गुण आहेत. पालकांनी लगेच गणिताची शिकवणी लावली तर नवल नाही. पण त्याच अक्षांवर वर्गाची सरासरी दुसऱ्या, तुटक रेषेने काढून पाहू. समजा ती अशी आहे: मराठी ७४, हिंदी ७६, इंग्रजी ५५, गणित ४५, विज्ञान ५२, सामाजिक शास्त्रे ७०. आता दिसते की खड्डा सगळ्या वर्गाचाच आहे. पेपर अवघड होता, किंवा तपासणी कडक होती. वर्गाच्या तुलनेत मुलगी गणितात ५ गुणांनी मागे आहे, विज्ञानात ४ गुणांनी, आणि इंग्रजीत ९ गुणांनी. आकृतीत जो विषय दुसऱ्या क्रमांकाचा खड्डा वाटत होता, तोच तिचा खरा अडलेला विषय असण्याची शक्यता जास्त. कच्च्या गुणांच्या रडार चार्टमध्ये मुलाइतकाच प्रश्नपत्रिकेचाही आकार उमटलेला असतो.

जपानमध्ये सराव परीक्षांच्या निकालात ‘हेन्साची’ नावाचा गुणांक देतात. सरासरीला ५० धरायचे आणि गुणांचा पसारा ज्याने मोजतात त्या प्रमाण विचलनाएवढ्या अंतराला १० गुण. आपल्या वर्गात इंग्रजीचे प्रमाण विचलन १० आणि गणिताचे १५ असेल, तर मुलीला इंग्रजीत ४१ आणि गणितात जवळजवळ ४७ मिळतील. गणितात वर्गाचे गुण लांबवर विखुरलेले असल्याने तिथले ५ गुणांचे अंतर किरकोळ ठरते. असे गुणांक अक्षांवर मांडले तर खड्ड्यांना काही अर्थ येतो.

मग ही आकृती वापरावी तरी कधी? एकाच मुलाच्या दोन परीक्षा ताडून पाहायला ती चालते. विषय पाच ते आठ, क्रम दोन्ही वेळा तोच, अक्ष ० ते १००, नुसत्या रेषा, रंग भरलेला नाही. पहिली सहामाही तुटक रेषेने आणि पूर्वपरीक्षा जाड रेषेने काढली की कोणते टोक सरकले ते एका नजरेत कळते. तिसरी परीक्षा त्यावरच चढवली की रेषांचा गुंता होतो. दोन मुलांमध्ये डावे-उजवे करण्यासाठी, किंवा ‘एकूण प्रगती’ दाखवण्यासाठी मात्र ती कामाची नाही.

त्यापेक्षा साधा आडवा स्तंभालेख बरा, हे ऐकायला नीरस वाटेल. विषय एकाखाली एक, प्रत्येक पट्टीवर वर्गाच्या सरासरीची एक उभी खूण, आणि क्रम सरासरीपासूनच्या अंतराने लावलेला. आपल्या मुलीची यादी मग अशी येते: मराठी १८ ने पुढे, सामाजिक शास्त्रे १६ ने, हिंदी १२ ने, खाली विज्ञान ४ ने मागे, गणित ५ ने, तळाला इंग्रजी ९ ने. इथे शेजाराचा प्रश्न नाही, क्षेत्रफळाचा नाही, आणि आकडे सरळ पट्टीने मोजता येतात.

एक गोष्ट मात्र या पट्ट्यांतही दडलेली राहते. राज्य मंडळाच्या दहावीत गणिताचे १०० गुण म्हणजे ४०-४० गुणांचे दोन पेपर आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. शाळेने सराव परीक्षेतही हीच विभागणी ठेवली आणि मुलीला अंतर्गत १८ मिळाले असतील, तर लेखी परीक्षेत तिचे ८० पैकी २२ उरतात. सरासरीच्या जवळपास दिसणारे ४० गुण मग वेगळेच वाचावे लागतात, आणि वर्गाची लेखी सरासरी काय होती हेही विचारावे लागते. त्यासाठी आलेखाच्या तक्त्यात बीजगणित, भूमिती आणि अंतर्गत असे तीन रकाने आधीच वेगळे करून ठेवावे लागतात.