मशीन आलं, बसवणारा आला नाही

साताऱ्यात राहणाऱ्या माझ्या मावशीकडे एका शनिवारी दुपारी वॉशिंग मशीन आलं. सात किलोचं, फ्रंट लोड, मावसभावाने पुण्यात बसून ऑनलाइन मागवलेलं. दोन पोरांनी खोकं जिना चढवून आणलं, सही घेतली आणि निघून गेली. दोन दिवसांत कंपनीचा माणूस येऊन मशीन बसवून देईल, असा मेसेज मावसभावाच्या फोनवर आला. तो माणूस यायला एकोणीस दिवस लागले.

या एकोणीस दिवसांत मला एक गोष्ट कळली, ती आधी सांगते. मशीन बदलून मिळण्याची मुदत बहुतेक वेळा डिलिव्हरीच्या दिवसापासून मोजली जाते, मशीन बसवल्याच्या दिवसापासून नाही. मावशीच्या मशीनला ती सात दिवसांची होती. मशीन खोक्यातच असेल तर ते बिघडलेलं आहे की नाही हे कळणार कसं? आणि कळेपर्यंत मुदत उलटून जाते. बसवणारा उशिरा येणं म्हणूनच नुसती गैरसोय नसते, त्यात आपला हक्कही निसटू शकतो.

शेजारचा प्लंबर म्हणाला, ‘काकू, दोन पाइप जोडायचे, मी लावून देतो.’ मावशीने नाही म्हटलं, ते फार बरं झालं. फ्रंट लोड मशीनचा ड्रम आत स्प्रिंगवर लटकलेला असतो. प्रवासात तो आदळू नये म्हणून मागच्या बाजूने तीन-चार लांब बोल्ट घालून तो जखडून ठेवतात. ते काढल्याशिवाय मशीन चालवलं तर कपडे पिळताना ते अख्खं थरथरतं, जागेवरून सरकतं आणि आतले भाग दुखावतात. मग कंपनी म्हणते, बाहेरच्या माणसाने हात लावला. वॉरंटीवर वाद सुरू होतो आणि आपली बाजू लंगडी पडते.

आता बसवणारा का आला नाही ते पाहू. सर्व्हिस सेंटरच्या भाषेत आपलं काम म्हणजे एक ‘कॉल’. त्याला नंबर असतो आणि तो ठरलेल्या वेळेत ‘क्लोज’ करायचा दबाव टेक्निशियनवर असतो. मावसभावाने ऑर्डर देताना स्वतःचा मोबाइल नंबर दिला होता. सोमवारी टेक्निशियनचा फोन आला तेव्हा तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. त्याने फोन उचलला नाही आणि ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा मारून कॉल बंद झाला. मावशी साताऱ्यात दाराकडे डोळे लावून बसलेली! घरात जो माणूस असणार आहे त्याचाच नंबर ऑर्डरवर हवा. दुसऱ्याचा दिला असेल तर नोंदणीच्या वेळी घरातला नंबर जोडून घ्यावा.

चौथ्या दिवशी मावसभावाने पुन्हा नोंद केली. त्याने आणखी एक शहाणपणाचं काम केलं. वेबसाइटवर विक्रेत्याला लेखी कळवलं, की मशीन अमुक तारखेला मिळालं, अजून बसवलेलं नाही, त्यामुळे ते तपासता आलेलं नाही आणि बदलण्याची मुदत बसवल्यापासून धरावी. सोबत खोक्याचे चारही बाजूंचे फोटो आणि त्यावरच्या सिरियल नंबरचा फोटो जोडला. उत्तर गुळमुळीत आलं, पण तारीख नोंदली गेली.

आठव्या दिवशी टेक्निशियनचा मावशीला फोन. ‘काकू, उद्या नक्की येतो. मोबाइलवर चार आकडे आलेत तेवढे सांगा, म्हणजे कॉल पुढे सरकेल.’ मावशीने मुलाला विचारून आकडे सांगितले. तासाभरात मेसेज आला: ‘आपले इन्स्टॉलेशन यशस्वीरीत्या पूर्ण झाले आहे.’ ते चार आकडे म्हणजे काम पूर्ण झाल्याची आपली सहीच होती. मशीन चालवून दाखवल्याशिवाय हा ओटीपी कोणालाही देऊ नये, कितीही गोड बोललं तरी. चुकून दिला गेलाच, तर त्याच दिवशी बंद खोक्याचा फोटो पाठवून ‘काम झालेलं नाही, कॉल चुकीने बंद केला आहे’ असं लेखी कळवावं. मावसभावाने ते केलं.

कस्टमर केअरला रोज फोन करून नवीन नंबर घेत बसण्यात मात्र अर्थ नसतो. दर वेळी गोष्ट पहिल्यापासून सुरू होते. त्याऐवजी वर जायचं. ई-कॉमर्सच्या 2020च्या नियमांनुसार प्रत्येक ऑनलाइन मंचाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव व संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. नवव्या दिवशी मावसभावाने या अधिकाऱ्याला ईमेल केला. अर्धं पान, तारीखवार: डिलिव्हरी कधी, पहिला कॉल नंबर कोणता, तो काय शेरा मारून बंद केला, दुसरा कसा बंद केला. आणि शेवटी नेमकी मागणी: चार दिवसांत मशीन बसवा, नाहीतर परत नेऊन पूर्ण पैसे द्या.

पोच आली, माणूस आला नाही. मग त्याने 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर फिरवला. तिथे मराठीतून बोलता येतं, शिवाय consumerhelpline.gov.in वरही तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे. ती कंपनीला दंड करू शकत नाही, पण तक्रार कंपनीच्या वरच्या टेबलावर पोचवते. एकोणिसाव्या दिवशी टेक्निशियन दारात उभा राहिला.

त्याने बोल्ट काढले, पाइप जोडले, मशीन सुरू केलं, आणि ड्रम फिरताना घरघर ऐकू आली. मशीन मुळातच सदोष निघालं. विक्रेत्याने लगेच मुदत संपल्याचं सांगितलं. तेव्हा चौथ्या दिवसाचं ते लेखी पत्र पुढे ठेवलं गेलं. टेक्निशियनकडून दोषाची नोंद असलेला जॉब शीट मावशीने मागून घेतला होता, तोही जोडला. आठवड्यात मशीन बदलून मिळालं. दरम्यान चादरी-पडदे लाँड्रीत द्यावे लागले होते, त्यांच्या पावत्या दाखवल्यावर तेवढी रक्कमही खात्यात जमा झाली. जिथे पावती नव्हती, तिथे काही मिळालं नाही.

एवढं करूनही दाद लागली नसती तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता होता. कबूल केलेली सेवा न देणं ही 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी ठरते. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही आणि e-jagriti.gov.in वरून घरबसल्या दाखल करता येते. विक्रेता, वेबसाइट आणि उत्पादक या तिघांनाही प्रतिवादी करावं, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पैसे परत, झालेला खर्च, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागता येतो. मात्र निकालाला महिनोन्महिने लागू शकतात. फुगवलेला आकडा टिकत नाही, पुराव्याचा टिकतो. ऑर्डर देताना त्या वस्तूच्या पानावर ‘मोफत इन्स्टॉलेशन’ लिहिलेलं होतं, तर त्या पानाचा स्क्रीनशॉट हाही पुरावाच. स्टँड किंवा जादा पाइप मोफत कामात धरलेले नसतात, त्यांचे पैसे दिले तर बिल घ्यावं.

तुमच्या घरात आज एखादं खोकं न उघडता पडलेलं असेल, तर डिलिव्हरीची तारीख बघा आणि बदलण्याची मुदत संपायच्या आत विक्रेत्याला दोन ओळी लेखी पाठवा.