क्रोशाच्या अस्वलाचे हातपाय

क्रोशाच्या अस्वलाचे हात-पाय सुटे विणून, त्यात कापूस भरून मग ते धडाला शिवतात. बसवलेल्या अस्वलाचा पाय लोंबू लागला की विणीला दोष दिला जातो. बहुतेक वेळा मात्र दोष सांध्याशी राहिलेल्या पोकळीचा असतो. पंजा ठासून भरलेला आणि मांडी रिकामी राहिली, तर सगळे वजन टोकाला जाते आणि पाय धडापाशी मुडपतो.

भरायला उशीतला पॉलिएस्टरचा कापूस बरा; साधा कापूस धुतल्यावर गुठळ्या धरतो. तो हाताने पिंजून सुपारीएवढ्या पुंजक्यांनी, पेन्सिलीच्या बोथट टोकाने भरावा. आधी पंजाच्या कडा भराव्यात, मग मधला भाग. एकदम मोठा बोळा कोंबला तर शेजारी खळगे राहतात. टाक्यांमधून कापूस डोकावू लागला तर भरण जास्त झाले, आणि दाबून सोडल्यावर खळगा तसाच राहिला तर कमी. दोन्ही पायांचा कापूस आधीच सारखा वाटून ठेवावा. नजरेच्या अंदाजाने भरलेला दुसरा पाय हमखास जाड होतो.

हातांचे गणित वेगळे. ते खाली सुटलेले दिसायला हवेत, म्हणून वरचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवून, तोंड चपटे करून दोन्ही पदर मुक्या खांबांनी एकत्र बंद करतात. खांद्यापर्यंत भरलेले हात फांद्यांसारखे आडवे राहतात.

समजा, मानेखालच्या फेरीत २४ टाके आहेत आणि हात १२ टाक्यांचे आहेत. चपटा केल्यावर प्रत्येक हात ६ टाके रुंद होतो. दोन हातांचे १२ टाके गेल्यावर १२ उरतात. पुढे ५ आणि मागे ७ ठेवले, तर हात किंचित पुढे वळतात आणि बसलेल्या अस्वलाला ते शोभतात.

पायांची जागा मात्र हातांखालचे टाके मोजत खाली येऊन ठरवू नये. फेऱ्या न जोडता गोल विणत गेले की टाक्यांची रांग हळूहळू एका बाजूला सरकते. टाके बरोबर मोजले तरी पाय तिरके बसतात, ते यामुळे. त्यापेक्षा नाकापासून खाली एक दोरा सरळ धरावा आणि दोन्ही पाय त्यापासून सारख्या अंतरावर टाचण्यांनी टोचावेत. मग अस्वल टेबलावर बसवून समोरून आणि वरून पाहावे. इथे घालवलेली पाच मिनिटे पुढची उसवण वाचवतात.

पायाचे तोंड चपटे न करता गोलच ठेवून, कडेच्या प्रत्येक टाक्यातून धडाला शिवावे. पाऊण घेर शिवून झाला की थांबून उरलेल्या फटीतून सांध्यात आणखी कापूस घालावा आणि मगच घेर पुरा करावा. शेवटी सगळ्या टाचण्या मोजून काढाव्यात.

आधीच लोंबणारा पाय पूर्ण उसवावा लागत नाही. सांध्याची वरची अर्धी शिवण उघडून कापूस भरला आणि पुन्हा शिवली, की तो सावरतो.