पाणी बंद, पण कधी आणि कुठे?

पुण्यातल्या चार इमारतींच्या एका सोसायटीत फलकावर सूचना लागते : ‘पुढील आठवड्यात पाणीपुरवठा बंद राहील. सभासदांनी सहकार्य करावे.’ वार नाही, वेळ नाही, इमारतीचं नाव नाही.

अशा सूचनेवरून घरात पाणी किती भरायचं, हे ठरवता येत नाही. शहरी पुरवठ्यासाठी माणशी दिवसाला 135 लिटर हा मापदंड धरतात. म्हणजे चौघांच्या घराला दिवसाला 540 लिटर लागतात. 200 लिटरचा एक पिंप अर्धा दिवसही पुरत नाही. शिवाय महापालिकेचंच पाणी बंद असेल, तर चारही इमारतींची अडचण होते. गच्चीवरची एकच टाकी धुवायची असेल, तर फक्त त्या टाकीवरच्या घरांची.

म्हणून सेक्रेटरींना पाठवायचं पत्र छोटं आणि नेमकं हवं. उदाहरणार्थ :

‘मा. सचिव यांस, स.न.वि.वि. पाणी बंद राहण्याबाबतच्या आपल्या सूचनेत वार, वेळ व इमारती नमूद नाहीत. पुरवठा कोणत्या तारखेला, किती ते किती बंद राहील, कोणत्या इमारतींत व कशामुळे, हे सुधारित सूचनेद्वारे कळवावे. ब इमारतीत आजारी ज्येष्ठ नागरिक असल्याने टँकरची सोय होणार का, तेही कळवावे.’

मूळ सूचनेचा फोटो सोबत जोडावा. पत्राची एक प्रत सोसायटीच्या कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर तारीख, सही व शिक्क्यासह पोच घ्यावी. सुधारित सूचना मात्र प्रत्येक इमारतीच्या फलकावर लागायला हवी, कारण प्रश्न एकाच घराचा नसतो.