दाबायचा नळ की डोळ्याचा नळ?

बेटेगाव, बोईसर, तारापूर हा पट्टा कारखान्यांचा. कारखान्याच्या कँटीनबाहेर जेवणाच्या सुट्टीत एकेका बेसिनसमोर रांग लागते. 2020 च्या साथीनंतर अशा ठिकाणी ‘हात न लावता चालणारा नळ बसवा’ अशी मागणी वाढली. बसवायला हरकत नाही. पण त्याआधी दोन्ही नळांच्या पोटात काय असते ते पाहिलेले बरे.

दाबायचा नळ आपल्या ओळखीचा. दट्ट्या दाबला की पाणी सुरू होते आणि आतली स्प्रिंग आवळली जाते. स्प्रिंग दट्ट्याला लगेच वर ढकलू पाहते. पण दट्ट्यामागची छोटी पोकळी पाण्याने भरल्याशिवाय तो वर येऊ शकत नाही. ती पोकळी सुईच्या अग्राएवढ्या भोकातून भरते. भरायला जी पाच-सात सेकंदे लागतात, तेवढा वेळ नळ वाहतो. म्हणजे या नळाचे घड्याळ ते भोकच.

दुखणीही तेथलीच. पावसाळ्यात गढूळ पाणी आले, टाकी साफ केली किंवा बोअरच्या पाण्याचा क्षार साचला की भोक चोंदते. मग दट्ट्या वर येत नाही आणि नळ वाहतच राहतो. उलट हात काढताच नळ बंद होऊ लागला, तर दट्ट्याची रबरी रिंग झिजली असे समजावे, कारण पाणी कडेने घुसून पोकळी झटकन भरते. पहिल्या दुखण्याला सुई आणि व्हिनेगर पुरते, दुसऱ्याला नवी रिंग. बेसिनखालची चावी बंद करून कोणताही प्लंबर हे करू शकतो.

‘पण त्याला हात लावावा लागतो ना?’ लावावा लागतो, पण पहिल्यांदा मळक्या हाताने. शेवटचे धुणे झाले की तो आपोआप मिटतो, स्वच्छ हात परत लावावा लागत नाही. फिरकीच्या नळाची खरी खोड हीच होती. मात्र वजूखान्यात कोपरापर्यंत हात आणि मग पायही धुवायचे असतात. तेथे हा नळ पुनःपुन्हा दाबताना माणूस कंटाळतो, हेही खरे.

आता सेन्सरचा नळ. त्याच्या तोंडाशी एक डोळा असतो. तो न दिसणारा अवरक्त प्रकाश फेकतो. तो हातावरून परतला की आतल्या झडपेला विजेचा एक झटका मिळतो आणि ती उघडते. हात गेला की उलटा झटका मिळतो आणि ती मिटते. गंमत अशी, की पाणी वाहत असताना झडपेला वीज लागतच नाही. खर्च होतो तो या दोन झटक्यांचा आणि डोळ्याच्या अखंड पहाऱ्याचा.

हिशेब करून पाहू. धरून चाला, की चार पेन्सिल सेलच्या संचाची क्षमता 2000 मिलिअँपिअर-तास आहे. पहारा रोज साधारण 1.2 खातो आणि एकदा उघडून मिटायला 0.005 लागतात. नळ दिवसाला 300 वेळा उघडला, तर रोजचा खर्च 2.7 आणि सेल दोन वर्षे टिकतील. पण चार नळांच्या रांगेत दाराजवळचा नळ सगळ्यात जास्त वापरला जातो. तो 900 वेळा उघडला, तर खर्च 5.7 वर जातो आणि सेल वर्षभरातच संपतात. म्हणून खोक्यावर ‘दोन वर्षे’ लिहिलेले असले, तरी ती किती वापराची, हे दुकानदाराला विचारावे. सेल अल्कलाईनच घालावेत आणि ते बदलल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून डबीवर लावावी. समुद्राकाठच्या दमट हवेत डबीचे पत्रेही गंजतात. सेल चांगले असून नळ रुसला, तर आधी ते पत्रे पाहावेत. चकचकीत स्टीलचे बेसिन किंवा खिडकीतले थेट ऊन डोळ्याला फसवते आणि कोणी नसताना नळ वाहू लागतो.

पाण्याच्या बचतीत दोघांत फारसे अंतर नाही. मिनिटाला चार लिटर सोडणारी जाळी तोंडाशी असेल, तर सात सेकंदांच्या तीन दाबांत सुमारे 1.4 लिटर जाते. सेन्सरवर हात भिजवणे आणि साबण धुणे मिळून पंधरा सेकंदे धरली, तर एक लिटर. खरी बचत जाळीची आहे.

माझे मत विचाराल, तर जेथे देखभालीला ठरलेला माणूस नाही, अशा चाळीत दाबायचाच नळ घ्यावा. कारखान्यात असा माणूस असतो, तेथे सेन्सर चालेल.

दाबाचे मात्र दोघांनाही पथ्य आहे. बहुतेक नळांना निदान अर्धा किलो दाब लागतो, म्हणजे टाकीतले पाणी नळापासून पाच मीटर वर हवे. बैठ्या चाळीच्या छपरावरची टाकी तीनच मीटरवर असते. तेथे सेन्सरची झडप नीट मिटत नाही आणि धार ठिबकत राहते. नळ घेण्याआधी दोरी सोडून ही उंची मोजावी, आणि बेसिनखाली धुता येणारी गाळणी बसवून मगच नळ जोडावा.