दोन टिकल्या आणि एक कपाट

ताईच्या ठाण्याच्या घरी नवं कपाट आलं. प्लायचं, दोन दारांचं, आत खाली ड्रॉवर. त्याच्या एका दारावर आरसा लावायचा होता आणि ताईचा हट्ट होता, “डोक्यापासून पायापर्यंत दिसलं पाहिजे, सहा फुटी आण.” मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे अशा वेळी गप्प बसणं मला जमत नाही. म्हटलं, आधी समोरच्या जुन्या आरशापुढे उभी राहा.

तिच्या टिकल्यांच्या पाकिटातून दोन टिकल्या घेतल्या. आरशात तिला तिचा माथा जिथे दिसत होता तिथे एक लावली, पायाची बोटं दिसत होती तिथे दुसरी. मोजपट्टी धरली तर दोन टिकल्यांत 80 सेंटिमीटर. ताईची उंची 160. “आता मागे जा,” म्हटलं. ती पलंगापर्यंत मागे गेली, तरी माथा वरच्या टिकलीवर आणि बोटं खालच्या टिकलीवरच! जवळ ये, लांब जा, टिकल्या चुकत नाहीत. प्रतिमा आरशाच्या मागे तेवढ्याच अंतरावर असते, जेवढ्या अंतरावर आपण पुढे असतो. आरसा बरोबर मधोमध उभा असल्यामुळे डोळ्याकडे येणारे किरण त्याला अर्ध्या वाटेवर भेटतात, आणि म्हणून अर्धी उंची पुरते. मी हे दरवर्षी फळ्यावर काढते, तरी त्या टिकल्या जागच्या हलत नाहीत हे पाहताना अजून गंमत वाटते.

म्हणजे हिशेब सोपा. आरशाची वरची कड डोळा आणि माथा यांच्या मधोमध हवी, खालची कड डोळ्याच्या निम्म्या उंचीवर. मेहुणे 178 सेंटिमीटर, त्यांच्यासाठी वरची कड जमिनीपासून साधारण 173 वर येते. सहा वर्षांची भाची 115 सेंटिमीटर, तिच्यासाठी खालची कड 52 वर. या दोन कडांमध्ये 121 सेंटिमीटर, म्हणजे चार फूट. सगळं घर चार फुटांत मावलं, दीड फूट रुंदी पुष्कळ झाली, आणि खालची वीस इंच जागा मोकळी राहिल्याने केरसुणी, बादली, रांगतं पोर यांच्यापासून काच लांब राहिली.

आता जाडी. काचवाल्याने विचारलं, “तीन एमएम देऊ की पाच?” तीनचा आरसा या मापात सव्वाचार किलो भरतो, पाचचा सात. काच वजनाला ठरलेली असते: एक चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. वजन वाचवावं असं कुणालाही वाटेल, पण काचेचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. तीनऐवजी पाच घेतली तर जाडी पावणेदोन पटही होत नाही, ताठपणा मात्र साडेचार पटींहून जास्त होतो.

ताठपणा कशाला हवा? कपाटाचं लांब प्लायचं दार पावसाळ्यात थोडं बाक धरतं, आणि पातळ काच दाराला चिकटवली की तीही त्याच्यासोबत वाकते. समजा चार फुटांत मधला भाग फक्त 3 मिलिमीटर आत गेला. म्हणजे सुमारे 60 मीटर त्रिज्येच्या गोलाचा तुकडा झाला. डोळ्याला तो बाक अजिबात दिसत नाही. पण दोन मीटरवर उभं राहिलं की उभ्या दिशेत आपण जवळजवळ साडेतीन टक्के ताणले जातो. ताईला तो आरसा फुकटात दोन इंच उंची देईल आणि त्यामुळे बारीकही दाखवेल. मधला भाग पुढे फुगला तर उलट, बुटकं आणि रुंद. (आरशात जाड दिसतो म्हणून जेवण सोडणाऱ्यांनी आधी दार तपासावं.) तपासायचं कसं? आरशाच्या कडेशी गाल नेऊन तिरकं पाहा आणि त्यात समोरच्या चौकटीची किंवा ट्यूबलाइटची सरळ रेषा धरा. डोकं हलवताना रेषा लवली की काच वाकली आहे.

ताईने टफन काच सुचवली, फुटली तर इजा कमी म्हणून. विचार बरोबर, पण काच टफन करताना सहाशे अंशांच्या वर तापवून रुळांवरून नेतात, आणि त्या मऊ अवस्थेत तिच्यावर बारीक लाटा राहतात. खिडकीला चालतं, आरशात चेहरा पोहतो. म्हणून साधी पाच एमएम घेतली आणि मागून सेफ्टी फिल्म लावून घेतली. फुटली तरी तुकडे फिल्मला धरून राहतात. चौकट अ‍ॅल्युमिनियमची. लाकडी चौकट देखणी, पण ती दमटात फुगते. म्हणून कुठलीही चौकट काचेला आवळून बसवायची नाही, चहूबाजूंनी दोनेक मिलिमीटर जागा ठेवायची. काचेचं वजन खालच्या पट्टीवर, आणि ती पट्टी स्क्रूने दारात. सिलिकॉन फक्त काच पुढे पडू नये म्हणून, उभ्या पट्ट्यांत. नळीला व्हिनेगरसारखा वास आला तर ती परत करा, त्यातलं आम्ल मागच्या रंगातून चांदीपर्यंत पोहोचतं आणि वर्षा-दोन वर्षांत काळे डाग उमटतात.

खरी भानगड मात्र काचेत नव्हती. भाची खालचा ड्रॉवर ओढून त्यावर उभी राहते हे मी पाहिलं होतं. म्हणून कागदावर सी-सॉ काढला, टेकू कपाटाच्या पुढच्या तळकडेवर. कपाटाचा रिकामा सांगाडा 40 किलो, त्याचा भार कडेच्या मागे 22 सेंटिमीटरवर: 880. उघडलेली दोन दारं, प्रत्येकी आठ किलो, कडेच्या पुढे 22 वर: 352. ड्रॉवरवर 20 किलोची भाची, 25 वर: 500. बेरीज 852, कपाट जेमतेम उभं. आता आरशाचे सात किलो त्याच दारावर, त्याच 22 वर: आणखी 154. बेरीज 1006. कपाट पोरीच्या अंगावर.

तीन एमएमची काच घेतली असती तरी 944 झाले असते, म्हणजे वाचणं नव्हतंच. कपडे भरले की मागचं पारडं जड होतं खरं, पण टांगलेले कपडे हलके, आणि आवरताना कपाट रिकामं करतो तेव्हाच पोरं आत चढतात. सरकत्या दारांना हा त्रास नाही, ती कधी पुढे येतच नाहीत. आमची बिजागरीची.

सुतारदादांना म्हटलं, दोन एल अँगल. कपाटाच्या मागच्या पातळ प्लायला नको, ती फाटून येते; वरच्या जाड फळीला. स्कर्टिंगमुळे कपाट आणि भिंत यांत फट राहते, तिथे लाकडी गुटका. भिंतीत आठ एमएमचं भोक पाडताना भुकटीकडे लक्ष ठेवायचं. आधी करडी येते, ते प्लास्टर. मग लाल झाली की वीट लागली, साधी गिट्टी चालते, पण ती पूर्ण विटेत गेली पाहिजे. पांढरट, हलकी भुकटी आली तर तो हलका ब्लॉक, त्याची गिट्टी वेगळी मिळते. ड्रिल एकदम पोकळीत घुसलं तर जिप्समची भिंत, तिथे मागची पट्टी शोधल्याशिवाय स्क्रू मारायचा नाही. आमच्याकडे लाल आली. दाराचं वजन पंधरा किलोवर गेल्याने तीनऐवजी चार बिजागऱ्या लावल्या.

नव्या आरशावर भाचीच्या दोन टिकल्या आहेत. मागच्या वाढदिवसापासून ती सहा सेंटिमीटर वाढली. वरची टिकली सहा वर सरकली, खालची फक्त तीन. “खालची हळू का चालते, मावशी?” तिने विचारलं. मी तिला डोळ्यापासून पायापर्यंत दोरी धरायला लावली आणि ती मधोमध दुमडून दाखवली.