आपलाच नंबर, पण आठवत नाही

गावाकडे आईच्या साध्या फोनमधलं दुसरं सिम. रिचार्ज करायचंय, पण नंबर कुणालाच आठवत नाही. अशा वेळी सर्वात सोपा उपाय म्हणजे त्या सिमवरून शेजारच्या फोनवर मिस्ड कॉल देणं. पण सिमवर बाहेर जाणारे कॉल बंद असतील, तर कोड वापरावा. एअरटेलसाठी `*282#`, व्हीआयसाठी `*199#` डायल करायचं. काही क्षणांत नंबर किंवा तो दाखवणारी यादी पडद्यावर येते. जिओवर 1299 ला फोन लावला की तो आपोआप कटतो आणि माहितीचा एसएमएस येतो. फोनमध्ये दोन सिम असतील तर डायल करताना योग्य सिम निवडा, नाहीतर उत्तर भलत्याच सिमचं मिळेल.

स्मार्टफोनच्या सेटिंग्जमध्ये, `About phone` खाली, नंबर दिसतो खरा, पण त्यावर डोळे झाकून विसंबू नये. तो बहुधा सिमवर लिहून ठेवलेल्या नोंदीतून येतो. ती नोंद रिकामी असली की `Unknown` दिसतं. आयफोनवर तर ती हाताने बदलताही येते. कॉल कोणत्या नंबरचा, हे ठरवतं कंपनीचं नेटवर्क. कोड त्यालाच विचारतो, म्हणून ते उत्तर जास्त भरवशाचं.

सिमला नेटवर्कच नसेल, तर कोडही चालत नाही. मग सिमवर छापलेला लांबलचक क्रमांक आणि सिम ज्याच्या नावावर आहे त्याचं ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात जावं.