गोळी चुकली की नेमके काय होते?

‘रोज घेत होते, एक-दोनच चुकल्या, तरी दिवस गेले,’ असे सांगणाऱ्या बाईला दोष दिला जातो किंवा गोळीच निकामी ठरवली जाते. खरे कारण बहुधा खंड हे असते.

सरकारी केंद्रात मिळणाऱ्या माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात: २१ संप्रेरकांच्या (शरीराला संदेश देणारी द्रव्ये) आणि ७ लोहाच्या. संप्रेरके बीजकोषातून बीज सुटू देत नाहीत. लोहाच्या सात दिवसांत हा अंमल ओसरत जातो, पण संपत नाही.

छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी काही दिवसांआड येते. टाकी पुढच्या पाण्यापर्यंत पुरते; पाणी आणखी लांबले तर कोरडी पडते. तसेच सात दिवसांचे नऊ-दहा झाले, की बीज सुटू शकते. म्हणून ‘पाकीट नुकतेच सुरू केले, दोन दिवस उशीर चालेल’ हा समज चुकीचा आहे. सर्वांत धोक्याचा उशीर तोच.

संप्रेरकांची एक गोळी चुकली तर आठवताच घ्यावी, पुढची ठरल्या वेळी. सलग दोन किंवा अधिक चुकल्या तर एक लगेच घेऊन रोजचा क्रम चालू ठेवावा आणि सात दिवस निरोध वापरावा. हे पहिल्या आठवड्यात घडले व संबंध आला असेल, तर तातडीच्या गोळीसाठी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटावे.

इतर साधनांचेही असेच होते. निरोध फाटतो, निसटतो किंवा उशिरा चढवला जातो. अंतरा इंजेक्शनची तीन महिन्यांची तारीख फार लांबते. तिथेही संरक्षणात खंडच पडतो.